खड्डे आणि बंद पथदिव्यांबद्दल संपादकांना पत्र: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या एका दैनिकात वाचकांच्या पत्रांच्या टेबलावर मी अकरा वर्षं काम केलं. आता घरी असते, पण कॉलनीतलं किंवा ओळखीतलं कुणी ना कुणी 'ताई, एवढं पत्र जरा नजरेखालून घाला' म्हणून मजकूर पाठवत असतं. पावसाळा लागला की त्यातली निम्मीअधिक पत्रं रस्त्यांची आणि दिव्यांची. त्यासोबत येणारे प्रश्नही दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

१. पेपरात पत्र छापून आल्यानं रस्ता खरंच दुरुस्त होतो का?

पत्रानं काम होतं ते वळसा घेऊन. महापालिकेसारख्या मोठ्या कार्यालयात जनसंपर्काचं काम पाहणारी माणसं रोज सकाळी पेपर चाळतात, आपल्या कार्यालयाबद्दलचा मजकूर कापून काढतात आणि तो त्या त्या खात्याकडे जातो. तुमचं पत्र शेवटी ज्याच्या टेबलावर पडतं तो बहुतेक वेळा एक कनिष्ठ अभियंता असतो. वरून त्याला विचारणा होते, 'हे काय आहे? केव्हा होणार?'

आता त्या अभियंत्याच्या जागी बसून पत्र वाचा. 'आमच्या भागातील रस्त्यांची चाळण झाली असून सर्वत्र अंधाराचे साम्राज्य आहे' एवढंच लिहिलं असेल, तर 'ठिकाण स्पष्ट नाही' असं उत्तर देऊन तो मोकळा होतो, आणि त्यात त्याची फारशी चूकही नसते. पण गल्ली कुठली, दिवे किती, केव्हापासून बंद, तक्रार कोणत्या तारखेला केली हे छापून आलेलं असेल तर त्याला जागेवर जावंच लागतं. चांगलं पत्र आणि वाया गेलेलं पत्र यांतला फरक मी तरी एवढाच पाहिला आहे. भाषा साधी असली तरी चालतं.

२. आधी तक्रार नोंदवायची की थेट पत्र पाठवायचं?

आधी तक्रार. महापालिकेच्या अ‍ॅपवर, संकेतस्थळावर किंवा विभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन ती नोंदवा. अर्ज हातानं दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. दहा-पंधरा दिवसांत काही झालं नाही तर एक स्मरणपत्र द्या आणि मग संपादकांना लिहा.

याचं कारण संपादकाच्या बाजूनं सांगते. टेबलावर रोज येणाऱ्या पत्रांपैकी छापण्याजोगी कोणती हे ठरवताना आम्ही एक गोष्ट पाहायचो, ती म्हणजे या माणसानं स्वतः काही केलंय का. तक्रारीची तारीख आणि क्रमांक असला की पत्राला आधार मिळतो. तक्रारच नसेल तर खातं 'आमच्याकडे नोंद नाही' असा खुलासा पाठवतं, पेपरला तो छापावा लागतो आणि तुमचं पत्र तिथेच संपतं.

याला एकच अपवाद आहे. उघडं चेंबर, लोंबकळणारी वायर किंवा खांबात उतरलेला करंट असं जिवावर बेतणारं काही असेल तर पत्राच्या भानगडीत न पडता लगेच फोन करा. पेपरलाही पत्र न पाठवता बातमीदाराला कळवा.

३. आमचा रस्ता नेमका कुणाच्या ताब्यात आहे, हे कसं ओळखायचं? आणि दिव्यांसाठी महावितरणला लिहायचं का?

नाशिक शहरातले बहुतेक कॉलनी रस्ते आणि पथदिवे महापालिकेकडे आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांची निगा आणि दिवाबत्ती ही महापालिकेची बंधनकारक कामं म्हणून नोंदलेली आहेत. कामकाज सहा विभागांतून चालतं: पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिक रोड, सातपूर आणि नवीन नाशिक, म्हणजे आपण ज्याला सिडको म्हणतो तो भाग. पत्रात विभागाचं नाव लिहिलंत की कात्रण योग्य टेबलावर एक दिवस आधी पोचतं.

काही ठिकाणी मात्र घोटाळा होतो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्गाच्या यंत्रणेकडे येतात. देवळाली कॅम्पात छावणी परिषद आहे. हद्दीबाहेरच्या गावांकडे जाणारा रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो. खात्री नसेल तर विभागीय कार्यालयात जाऊन 'हा रस्ता तुमच्याकडे आहे ना?' एवढं विचारा. चुकीच्या खात्यावर लिहिलेलं पत्र छापून येण्यापेक्षा न आलेलं बरं.

दिव्यांचं साधं आहे. महावितरण वीज पुरवतं, पथदिवा मात्र महापालिकेचा असतो. जुन्या वस्त्यांत खांब महावितरणचा आणि त्यावरचा दिवा महापालिकेचा अशीही जोडी असते, म्हणून माणसं गोंधळतात. घरातले आणि रस्त्यावरचे दोन्ही दिवे गेले असतील तर महावितरण. घरात वीज आहे आणि फक्त रस्ता अंधारात आहे, तर महापालिकेचा विद्युत विभाग.

४. दिवे बंद आहेत एवढं लिहिलं की पुरे ना? कारण शोधणं आमचं काम आहे का?

कारण शोधणं तुमचं काम नाही, पण कोणते दिवे बंद आहेत हे नीट पाहून लिहिणं तुमचं काम आहे. त्यातच कारणाचा माग असतो.

एकच दिवा बंद असेल तर बहुधा दिवाच गेलेला असतो, किंवा एलईडीच्या आतला वीज नियंत्रित करणारा भाग, ज्याला वायरमन 'ड्रायव्हर' म्हणतात तो. शिडीची गाडी आली की अर्ध्या तासाचं काम. सलग पाच-सात दिवे एकदम गेले असतील तर सगळे दिवे एकाच रात्री खराब होत नाहीत. तिथे केबल तुटलेली असते, जोड जळालेला असतो किंवा पेटीतला फ्यूज उडालेला असतो. अख्ख्या भागातले दिवे उशिरा लागत असतील किंवा भर दुपारी चालू राहत असतील, तर रस्त्याकडेच्या पेटीतला टायमर बिघडलेला असतो.

हा फरक पत्रात का यायला हवा? कारण 'दिवे बंद' एवढ्याच तक्रारीवर शिडीची गाडी येते, एक दिवा बदलून पाहते, तो लागत नाही आणि माणसं निघून जातात. 'सलग सात दिवे एकाच रात्रीपासून बंद' असं लिहिलंत तर केबल तपासणारा माणूस पाठवावा लागतो. संध्याकाळी एक फेरी मारा आणि बंद खांबांवर रंगानं लिहिलेले क्रमांक वहीत टिपून घ्या. क्रमांक पुसलेला असेल तर समोरच्या घराची किंवा दुकानाची खूण लिहा.

५. एखादं छापून आलेलं पत्र नमुन्यादाखल द्याल का? किती शब्दांचं असावं?

दीडशे शब्दांच्या आसपास. स्थानिक पानावर तेवढीच जागा असते.

हे पत्र मी स्वतः राहते त्या कॉलनीसाठी लिहिलेलं आहे. मूळ पत्रात कॉलनीचं, खात्याचं आणि विभागाचं नाव होतं, इथे ते गाळलं आहे.

*पाच आठवडे गल्ली अंधारात, चर तसाच*

*पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत मारुती मंदिर ते पिठाची गिरणी या सुमारे १७० मीटरच्या गल्लीतले सलग सात पथदिवे ९ जूनच्या रात्रीपासून बंद आहेत. त्याच दिवशी केबल टाकण्यासाठी गल्लीच्या डाव्या कडेनं दीड फूट रुंदीचा चर खोदण्यात आला होता. मुरूम टाकून तो बुजवला, पण पहिल्या पावसातच खचला. मंदिरासमोर तो आता नऊ इंच खोल आहे आणि पाणी साचलं की दिसत नाही. १२ जून आणि २७ जूनला तक्रार नोंदवली. पहिल्या तक्रारीवर 'निराकरण झाले' असा संदेश आला, दिवे मात्र लागले नाहीत. ५ जुलैच्या रात्री एक ज्येष्ठ महिला या चरात पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. शिकवणीची मुलं साडेसातनंतर याच गल्लीतून सायकलवर परततात. केबल तपासून दिवे आधी सुरू करावेत. चरात खडी भरून धुम्मस करावी आणि डांबरीकरण कोणत्या महिन्यात होणार ते रहिवाशांना लेखी कळवावं.*

पहिला मसुदा शेजारच्या काकांनी लिहिला होता. दोन पानं, आणि सुरुवात होती 'गेल्या अनेक दिवसांपासून प्रशासन कुंभकर्णी झोपेत आहे'. मी ते वाक्य काढलं तेव्हा काका नाराज झाले.

"ताई, राग तरी दिसू द्या की!"

"काका, वहिनींचं मनगट मोडलं ही ओळ ठेवली आहे. त्यापुढे आणखी काय लिहायचं?"

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग चराची खोली पुन्हा मोजायला टेप घेऊन बाहेर गेले. पहिल्या मसुद्यात 'गुडघाभर खड्डा' होता. तो नऊ इंच निघाला. नऊ इंच हेही स्कूटरचं पुढचं चाक अडकायला पुरेसं आहे, आणि ते कुणी खोटं पाडू शकत नाही.

या पत्रातली एक गोष्ट मुद्दाम दाखवते. चर खोदताना दिव्यांची केबल तुटली, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. पत्रात तसं म्हटलेलं नाही. दिवे कोणत्या रात्री गेले आणि चर कोणत्या दिवशी खोदला, हे फक्त एकाला लागून एक ठेवलं आहे. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहायचं आणि जे वाटतं ते वाचणाऱ्यावर सोडायचं. केबल दुसऱ्याच कारणानं गेलेली निघाली असती तरी पत्रातला एकही शब्द मागे घ्यावा लागला नसता.

६. खड्ड्याचं वर्णन करताना काय काय मोजायचं?

लांबी पावलांनी मोजली तरी चालते, खोली मात्र टेपनं मोजा. खड्ड्यावर आडवी काठी टाका आणि काठीपासून तळापर्यंतचं अंतर घ्या. पाणी साचलेलं असेल तर काठी बुडवून ओल्या खुणेपर्यंत मोजा.

फोटो दोन लागतात. एक जवळून, त्यात मापासाठी फूटपट्टी किंवा चप्पल ठेवलेली. दुसरा लांबून, त्यात ओळखीची खूण यायला हवी, म्हणजे मंदिर, दुकानाची पाटी किंवा क्रमांकाचा खांब. नुसत्या खड्ड्याचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो, म्हणून पेपर तो छापत नाही. अंधाराचा फोटो रात्री दहाला काढू नका, त्यात नुसता काळा चौकोन येतो. दिवेलागणीनंतर दहा-पंधरा मिनिटांत, आभाळात थोडा उजेड असताना काढा. खांबही दिसतात आणि ते विझलेले आहेत हेही दिसतं.

७. भर पावसाळ्यात पत्र पाठवून काय उपयोग? 'पावसात डांबर टाकता येत नाही' असंच उत्तर मिळतं.

ते उत्तर खरं आहे. गरम डांबर ओल्या खडीला चिकटत नाही, आठवडाभरात सुटून येतं. म्हणून जुलैच्या पत्रात 'ताबडतोब डांबरीकरण करा' अशी मागणी केलीत तर खात्याला नाही म्हणायला आयतं आणि रास्त कारण मिळतं.

पावसात जे करता येतं ते मागा. पाणी काढून, सैल माती उपसून खड्ड्यात खडी थराथरानं भरता येते आणि प्रत्येक थर ठोकून बसवता येतो. पावसाळ्यासाठी थंड डांबरमिश्रणही मिळतं, लहान खड्ड्यांना ते चालतं. नुसता मुरूम किंवा माती लोटून गेले असतील तर तसं लिहा, कारण दोन सरींत त्याचा चिखल होतो आणि दुचाकी घसरतात. नाशिकच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. ती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, आणि न ठोकलेला चर हमखास खाली बसतो.

दिव्यांना पावसाचं कारण लागू नाही. म्हणून दोन्ही मागण्या वेगवेगळ्या वाक्यांत मांडा: दिवे आत्ता, खडी आत्ता, डांबर पाऊस संपल्यावर, पण महिना आत्ताच सांगा. प्रश्न ५ मधल्या पत्राचा शेवट असा बेतला होता.

८. कोणत्या पेपरला पाठवायचं? पत्ता कुठे मिळतो?

आपल्या भागात जो पेपर घरोघरी येतो त्याच्या नाशिक आवृत्तीला. लोकसत्तेचं 'लोकमानस' किंवा महाराष्ट्र टाइम्सचं 'बहुतांची अंतरे' यांसारखी सदरं राज्यभरच्या वाचकांसाठी असतात. तिथे मतं आणि वाद छापले जातात, एका गल्लीतला चर तिथे बसत नाही. गल्लीचं पत्र शहराच्या पानावर शोभतं. गावकरी, देशदूत यांसारखी नाशिकचीच दैनिकं किंवा मोठ्या दैनिकांची नाशिक कार्यालयं हीच त्याची जागा.

पत्ता पेपरातच असतो. पानाच्या अगदी तळाशी बारीक टाइपात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाची नावं कायद्यानं छापावी लागतात, तिथे कार्यालयाचा पत्ता मिळतो. पत्रांसाठीचा ई-मेल बहुधा सदराच्या चौकटीतच दिलेला असतो.

मजकूर ई-मेलमध्येच टाइप करा. हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवलात तर कुणाला तरी तो बसून टाइप करावा लागतो, आणि गर्दीच्या दिवशी तो मागेच पडतो.

९. एकच पत्र पाच पेपरांना पाठवलं तर?

पाठवू नका. दोन पेपरांत शब्दशः तेच पत्र आलं की दोन्हीकडचे लोक पुढच्या वेळी तुमचं नाव पाहून थांबतात. एकाला पाठवा, आठवडाभर वाट पाहा, मग दुसरीकडे द्या.

१०. शाळेत शिकवलेल्या नमुन्याप्रमाणे लिहिलं तर चालतं का?

हा प्रश्न पालकही विचारतात, कारण रस्त्याबद्दल संपादकांना पत्र हा परीक्षेतला नेहमीचा विषय आहे. परीक्षेत दिनांक, प्रति, विषय, मायना, समारोप या मांडणीला गुण असतात, तिथे ती सोडू नका.

पेपरात मात्र यातलं जवळपास काहीच छापत नाहीत. शीर्षक, मजकूर, नाव आणि भाग एवढंच उरतं. 'आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या माध्यमातून मी संबंधितांचे लक्ष वेधू इच्छितो' हे वाक्य मी अकरा वर्षं रोज कापलं आहे. लिहिणाऱ्यानं ते आदरानं लिहिलेलं असतं हे कळतं, पण दीडशेतले नऊ शब्द त्यात जातात. दुसरं म्हणजे जागा कमी पडली की पत्र सहसा खालून कापतात. गल्ली, दिव्यांची संख्या आणि तारीख पहिल्या दोन वाक्यांत आली पाहिजे, म्हणजे कितीही कापलं तरी ती उरते.

११. नाव छापून आलं तर त्रास होईल अशी भीती वाटते. निनावी पाठवू का?

निनावी पत्र कचऱ्यात जातं, त्याला इलाज नाही. पेपरला तुमचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन लागतो, कारण छापण्याआधी कुणीतरी फोन करून खात्री करतं. पण पेपरला देणं आणि पेपरात छापणं या दोन गोष्टी आहेत. 'फोन आणि घर क्रमांक छापू नये' असं स्पष्ट लिहा. नावसुद्धा नको असेल तर कारण सांगून विनंती करा. अंधाऱ्या गल्लीतून एकटीनं ये-जा करणाऱ्या मुलींच्या बाबतीत आम्ही ती नेहमी मान्य करायचो.

दुसऱ्या कुणाच्या अपघाताबद्दल लिहिताना त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका. आमच्या वहिनींनी 'लिहा, पण नाव नको' म्हटलं, म्हणून पत्रात 'एक ज्येष्ठ महिला' आहे.

१२. पैसे खाल्ल्याशिवाय असं काम होतच नाही. ठेकेदाराचं आणि अभियंत्याचं नाव लिहायचं का?

पुरावा हातात नसेल तर नाही. 'अमुक यांनी पैसे खाल्ले' हा आरोप आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा गुन्हा आहे. त्यात लिहिणारा आणि छापणारा दोघेही अडकतात, त्यामुळे संपादक ते वाक्य कापतो किंवा अख्खं पत्र बाजूला ठेवतो. लोकसेवकाच्या कामावर सद्भावनेनं टीका करायला कायद्यात अपवाद आहे, पण ती टीका कामावर हवी.

तुमचा राग मला कळतो. तरी 'मार्चमध्ये केलेला रस्ता जुलैमध्ये उखडला' हे वाक्य कुणाचंही नाव न घेता पुरेसं बोलतं. वाचणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

१३. सगळ्या कॉलनीच्या सह्या जोडल्या तर वजन वाढतं का?

तक्रार अर्जाला वाढतं, पत्राला नाही. चाळीस नावं छापायला जागा नसते. एक नाव आणि 'व इतर रहिवासी' एवढं पुरतं. सह्यांचा कागद अर्जाला जोडा (प्रश्न २).

१४. पत्र कापून छापलं आणि अर्थच बदलला. काय करायचं?

कापणं हा संपादकाचा अधिकार आहे, अर्थ बदलणं नाही. भारतीय प्रेस कौन्सिलच्या संकेतांतही हीच रेषा आहे. आधी फोन करा, शांतपणे मूळ वाक्य आणि छापलेलं वाक्य वाचून दाखवा. आमच्याकडे एकदा 'सात दिवे'चे 'सात दिवस' झाले होते. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली.

१५. पत्र छापून आलं, खुलासाही आला, काम मात्र शून्य. पुढे काय?

आता पत्र थांबवा आणि माहितीचा अधिकार वापरा. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ प्रमाणे अर्ज करा, अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून दिव्यांचा आणि रस्त्याचा अर्ज वेगळा करा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर त्याच कार्यालयात प्रथम अपील करता येतं.

'रस्ता का झाला नाही?' असं विचारू नका. 'का'चं उत्तर कागदावर नसतं, म्हणून ते मिळत नाही. कागद मागा. चराच्या बाबतीत खोदकामाच्या परवानगीची प्रत मागा, आणि रस्ता पूर्ववत करण्यासाठी खोदणाऱ्याकडून भरून घेतलेल्या रकमेच्या पावतीची प्रत. नव्यानं केलेला रस्ता उखडला असेल तर कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतली त्या रस्त्याची पानं आणि दोषदायित्व कालावधी किती आहे ते मागा. या कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं तो स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. आणि इथे पत्राला पुन्हा जागा मिळते, कारण 'दोषदायित्व अजून चौदा महिने शिल्लक, तरी रस्ता उखडलेला' हे पत्र बातमीदारसुद्धा उचलतो.

१६. आमच्या कॉलनीचा रस्ता महापालिकेनं ताब्यातच घेतलेला नाही म्हणतात. मग पत्र कुणाला उद्देशून?

सगळ्यात अवघड प्रश्न हा. नव्या वसाहतींत बिल्डरनं मंजूर नकाशातले अंतर्गत रस्ते महापालिकेकडे हस्तांतरित केलेले नसतात. तिथे खड्डा बुजवा असं पत्र लिहून उपयोग नाही, 'रस्ता आमच्याकडे वर्ग नाही' हे उत्तर ठरलेलं असतं.

अशा वेळी आधी नगररचना विभागात मंजूर अभिन्यासाचा नकाशा पाहा. रस्ता कॉलनीचा अंतर्गत आहे की विकास आराखड्यातला, हे तिथे कळतं. आराखड्यातला रस्ता असेल तर महापालिकेला हात झटकता येत नाहीत. अंतर्गत असेल तर पत्राचा विषय बदला: खड्ड्यांऐवजी हस्तांतरणाबद्दल लिहा. घरपट्टी किती वर्षांपासून भरता, हस्तांतरणाचा अर्ज कुणी आणि केव्हा केला, तो कोणत्या टप्प्यावर अडला. असं पत्र थोडं रुक्ष होतं, पण शेजारच्या चार कॉलन्यांची तीच अडचण असते आणि संपादक ते ओळखतो.

१७. खड्ड्यामुळे अपघात झाला तर पत्राचा उपयोग पुराव्यासारखा होतो का?

छापलेल्या पत्रापेक्षा त्याआधीच्या शिक्क्याच्या तक्रारीचा जास्त होतो. धोका माहीत असूनही काही केलं नाही, हे त्यातून दिसतं. चांगले रस्ते मिळणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये म्हटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. दवाखान्याचे कागद, पोलिसांतली नोंद आणि जागेचा त्याच दिवशीचा फोटो जपून ठेवा. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जातो आणि मग तो होता हे दाखवायला काहीच उरत नाही.

१८. पत्र पाठवल्यावर, पण छापून येण्याआधीच काम झालं. आता काय?

लगेच ई-मेल करा आणि फोनही करा. आमच्याच पत्राचं असं झालं. १४ जुलैला ते पाठवलं होतं आणि १७ जुलैला दुपारी केबल तपासायला माणसं आली. तिसऱ्या खांबापाशी चर उकरला तेव्हा केबल कुदळीचा घाव बसल्यासारखी तुटलेली निघाली. वायरमननं ती आम्हाला टॉर्चच्या उजेडात दाखवली, आत पाणी गेल्यानं तांब्यावर हिरवा थर चढला होता. जोड मारून संध्याकाळी साडेसातला सातही दिवे लागले. पत्र दुसऱ्या दिवशीच्या पानावर लागलेलं होतं. मी रात्री आठला पेपरच्या टेबलावर फोन केला, दिव्यांची दोन वाक्यं काढायला सांगितली आणि 'दिवे १७ जुलैला सुरू झाले' एवढी एक ओळ घातली. चराची मागणी तशीच छापून आली. खडी २२ तारखेला पडली, धुम्मस झाली. डांबरीकरणाच्या महिन्याचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज गेला आहे.